साठ पानांची निविदा आणि एका पानाचा तक्ता

गेली काही वर्षं मी तालुक्यातल्या लहान ठेकेदारांची निविदेची कागदपत्रं तयार करून देतो. आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आपण बसतो का यात?" दुसरा प्रश्न शेवटच्या तारखेचा आणि तिसरा कागदांचा. तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, फक्त त्यांच्या तीन वेगळ्या याद्या करायच्या नाहीत. प्रत्येक अट कुठल्या तरी कागदाने सिद्ध करायची असते आणि त्या प्रत्येक कागदाला तारखेचं बंधन असतं. हे तिन्ही एकाच ओळीत मांडलं तरच नोटीस उलगडते. ती ओळ कशी भरायची, ते एक निविदा उदाहरणाला घेऊन सांगतो.

उदाहरण मी बांधलेलं आहे, अटींचा साचा मात्र नेहमी दिसणारा आहे. एका नगरपरिषदेच्या शाळेच्या इमारतीची दुरुस्ती आणि कुंपणभिंत, अंदाजित किंमत ६० लाख रुपये. सूचना ९ जून २०२५ ची, निविदा भरायची शेवटची वेळ ३० जून २०२५, दुपारी ३ वाजता.

आधी सगळे कागद एकत्र करा, मग वाचा

mahatenders.gov.in वरून निविदा उतरवली की हातात एक फाइल येत नाही, संच येतो. `Tendernotice_1.pdf` ही सूचना, सोबत सविस्तर निविदा संचाची झिप, त्यात अटी-शर्ती, परिशिष्टं, कधी नकाशे, आणि दर भरायची `BOQ` ची एक्सेल फाइल. पात्रता सूचनेत थोडक्यात येते, सविस्तर संचात पूर्ण येते आणि परिशिष्टातल्या नमुन्यात तिचा एखादा तुकडा असा असतो, जो बाकी दोन्हीकडे नसतो. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून पात्रता ठरवणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. जाहिरातीवरून फक्त निविदा निघाली आहे एवढंच कळतं.

संच हाती आला की पीडीएफमध्ये शब्द शोधता येतात का ते बघा. `Ctrl+F` दाबून "पात्रता" टाइप करा. समोर "पात्रता" दिसत असूनही काही सापडलं नाही, तर दोनपैकी एक कारण असतं. एक तर पानं स्कॅन केलेली आहेत. नाहीतर मजकूर युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे, म्हणजे डोळ्यांना मराठी दिसतं पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. खात्री करायची असेल तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. खिचडी लगेच दिसेल. यात धोका असा की तुम्ही "प्रतिज्ञापत्र" शोधता, शून्य निकाल येतो आणि प्रतिज्ञापत्र लागत नाही असं वाटून तुम्ही पुढे जाता.

संगणकाची थोडी सवय असेल, तर `ocrmypdf` हे मोफत साधन पानांची चित्रं करून अक्षरं नव्याने ओळखतं. मराठीचा भाषासंच सोबत बसवलेला हवा.

```
ocrmypdf -l mar+eng --force-ocr nivida.pdf nivida_shodh.pdf
```

जोडाक्षरं आणि आकडे यात चुकतात, म्हणून ही प्रत फक्त जागा शोधण्यासाठी वापरायची. अट उतरवून घ्यायची ती मूळ पानावरूनच.

शोधायचे शब्दही निवडून घ्यावे लागतात. "पात्रता" शोधून पात्रतेचा परिच्छेद सापडतो, पण माणूस बाद होतो ते बहुधा इतरत्र पेरलेल्या वाक्यांमुळे. म्हणून मी "अन्यथा", "बंधनकारक", "अपात्र", "ग्राह्य", "नाकारण्यात" हे शब्द शोधतो आणि इंग्रजी भागात `shall`, `failing which`, `not older than`, `rejected`. "अन्यथा"च्या आधी अट असते आणि नंतर शिक्षा. साठ पानांच्या संचात अशी पंचवीस-तीस वाक्यं निघतात. तक्ता भरायचा तो त्यांचाच.

तक्त्याची एक ओळ

माझ्या तक्त्यात सहा रकाने असतात: अटीचे नेमके शब्द, पान आणि कलम, अट कोणत्या तारखेला लागू, कोणता कागद, तो कोण देणार, मिळायला किती दिवस. पहिल्या रकान्यात स्वतःच्या भाषेत सारांश लिहायचा नाही. "तीन वर्षांची उलाढाल" असं लिहिलंत की अटीतला अर्धा जीव गेला. कुठली तीन वर्षं, सरासरी की दरवर्षी, प्रमाणित कोणी केलेली, हे सगळं मूळ वाक्यातच असतं. पान क्रमांकही टाळू नका. चार दिवसांनी सीए फोन करून विचारतो, "नेमकं काय लिहून देऊ?", तेव्हा तेच पान पाठवायचं असतं.

तिसरा रकाना, म्हणजे अट कोणत्या तारखेला लागू, बहुतेक जण भरतच नाहीत. पात्रतेचा सगळा खेळ तिथे असतो.

पात्रता: कोणत्या तारखेपासून मागे मोजायचं

आपल्या निविदेतली अनुभवाची अट अशी: सूचनेच्या आधीच्या महिन्याच्या अखेरीस संपणाऱ्या सात वर्षांत पूर्ण केलेली तत्सम कामं. त्यात अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ६० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. हा साचा केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर २००२ च्या सूचनेतून आलेला आहे; तिथे दोन कामांसाठी ५० टक्के होते, आणि देशभरच्या निविदांत थोड्याफार फरकाने तोच साचा दिसतो. ६० लाखांवर मांडलं तर २४ लाखांची तीन, ३६ लाखांची दोन, किंवा ४८ लाखांचं एक.

आता ठेकेदाराची कामं बघू. पहिलं ५० लाखांचं, २० एप्रिल २०१८ ला पूर्ण. दुसरं ३० लाखांचं, २ जानेवारी २०२१ ला पूर्ण. तिसरं ३८ लाखांचं, १२ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण. तो खुशीत असतो, कारण ५० लाखांचं एकच काम ४८ च्या वर जातं. पण सूचना जूनची आहे, म्हणजे मुदत ३१ मे २०२५ ला संपते आणि १ जून २०१८ ला सुरू होते. पहिलं काम चाळीसेक दिवसांनी बाहेर पडलं. उरली ३० आणि ३८ लाखांची दोन कामं. दोन कामांचा निकष ३६ चा आहे, त्यात तिसाचं काम बसत नाही. इथे बरेच जण वही मिटतात.

मात्र संचात पुढे, पात्रतेच्या पानापासून बरंच लांब, व्याख्यांच्या कलमात एक वाक्य आहे: जुन्या कामाची किंमत काम पूर्ण झाल्यापासून निविदेच्या अंतिम तारखेपर्यंत दरसाल ७ टक्के सरळ दराने वाढवून धरली जाईल. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत हे कलम नेहमी असतं. इतर कचेऱ्या कधी घेतात, कधी घेत नाहीत, कधी दर वेगळा ठेवतात. २ जानेवारी २०२१ ते ३० जून २०२५ म्हणजे जवळपास साडेचार वर्षं. वाढ सुमारे ३१.४ टक्के होते, आणि ३० लाखांचं काम ३९.४ लाखांचं धरलं जातं. दोन्ही कामं ३६ च्या वर गेली आणि माणूस पात्र ठरला. हे कलम संचात नसतं, तर तो अपात्रच होता. म्हणून "बसतो का" याचं उत्तर पात्रतेचं पान वाचून देऊ नये. व्याख्या, टिपा आणि तळटीपा संपेपर्यंत थांबावं.

इथेच "तत्सम काम" या शब्दांची व्याख्याही शोधा. इमारत दुरुस्तीच्या निविदेत रस्त्याचं काम चालत नाही हे उघड आहे. पण नव्या इमारतीचं बांधकाम दुरुस्तीला तत्सम धरतात की नाही, हे ती व्याख्याच ठरवते. व्याख्याच नसेल, तर हा निविदापूर्व बैठकीत लेखी विचारायचा प्रश्न आहे. "साहेब म्हणाले चालेल" याला तांत्रिक लिफाफा उघडताना काही किंमत नसते.

उलाढालीची अट दिसायला सोपी असते. आपल्या निविदेत मागील आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चला संपणाऱ्या तीन वर्षांची सरासरी अंदाजित किमतीच्या ३० टक्के, म्हणजे १८ लाख हवी. ठेकेदाराची उलाढाल २०२१-२२ मध्ये ९ लाख, मग अनुक्रमे १४, १७ आणि २०२४-२५ मध्ये २६ लाख. शेवटची तीन वर्षं धरली तर सरासरी १९ लाख येते आणि तो पात्र ठरतो. एक वर्ष मागे सरकलात, की सरासरी १३.३३ लाखांवर येते आणि तो अपात्र होतो.

आणि जून महिना असल्याने सरकावंच लागेल अशी वेळ येते, कारण २०२४-२५ चे हिशेब सीएच्या टेबलावर अजून पडून आहेत. तेव्हा नोटिशीतला शब्द नीट बघा. "लेखापरीक्षित ताळेबंद" मागितला आहे की "सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र"? ताळेबंद हवा असेल तर सीएला आजच गाठा आणि एकवीस दिवसांत तो होतो का ते विचारा. प्रमाणपत्र पुरत असेल तर काम लवकर होतं. दोन्हींवर यूडीआयएन हा अठरा अंकी क्रमांक हवा. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पडताळता येतो आणि कचेरीतले लोक पडताळतात.

मुदती: एक छापलेली, बाकीच्या पेरलेल्या

पोर्टलवर `Critical Dates` या मथळ्याखाली तारखा मिळतात. त्यातली `Bid Submission End Date` सगळे लिहून घेतात. मी तिच्यापासून मागे मोजायला लागतो, कारण तिच्याआधी संपणाऱ्या मुदती संचाच्या पोटात असतात.

आपल्या निविदेत अशा तीन निघाल्या. शंका ईमेलने पाठवायची मुदत १३ जून, कारण निविदापूर्व बैठक १६ जूनला आहे. जागेची पाहणी करून शाखा अभियंत्याकडून पाहणीचा दाखला घ्यायची मुदत २० जून. तिसरी मुदत तारखेच्या रूपात लिहिलेलीच नाही: बँकेचं पतप्रमाणपत्र, ज्याला सगळे सॉल्व्हन्सी म्हणतात, "सूचनेच्या दिनांकापूर्वी सहा महिन्यांपेक्षा जुने नसावे". म्हणजे ९ डिसेंबर २०२४ च्या आधीचं चालणार नाही. ठेकेदाराकडे ऑक्टोबरचं आहे, नवं काढावं लागणार. शाखेतून ते निघायला आठवडा ते पंधरवडा लागतो, कारण तारण किंवा मालमत्तेचे कागद पुन्हा तपासले जातात. तक्त्यातला शेवटचा रकाना इथे कामाला येतो. कामाची सुरुवात सर्वांत जास्त दिवस लागणाऱ्या कागदापासून करायची, म्हणजे पहिल्याच दिवशी बँकेत अर्ज.

कॅलेंडर समोर ठेवून आणखी एक गोष्ट दिसते. ३० जून सोमवार आहे. २८ जून हा महिन्यातला चौथा शनिवार, बँका बंद. २९ ला रविवार. बयाणा रक्कम एनईएफटीने भरली तर ती पोर्टलवर जमा दिसायला वेळ लागतो, आणि ती दिसल्याशिवाय निविदा पुढे सरकत नाही. सोमवारी सकाळी पैसे पाठवून दुपारी तीनच्या आत निविदा भरायची म्हणजे जुगार. माझ्या तक्त्यात बयाण्याची शेवटची तारीख २५ जून, बुधवार असते. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरतात, तुमच्या मोबाइलची नाही. ते घड्याळ पोर्टलच्या पानावर वर दिसतं.

काही मुदती अंतिम तारखेच्या पुढच्याही असतात. निविदा १२० दिवस वैध हवी असं लिहिलं असेल, तर ३० जूनपासून मोजून २८ ऑक्टोबरपर्यंत तुम्ही त्याच दराला बांधील. बयाणा बँक हमीच्या रूपात असेल आणि ती वैधतेनंतर आणखी ४५ दिवस चालू हवी असेल, तर हमीवर १२ डिसेंबर २०२५ किंवा त्यापुढची तारीख पाहिजे. बँकेला अर्जात ही तारीख तुम्हीच लिहून द्यायची असते. "सहा महिने" एवढंच सांगितलंत, तर शाखा आपल्या सोयीने दिवस धरते.

कागद: नाव जुळणं पुरेसं नाही

संचाच्या शेवटी बहुधा "लिफाफा क्र. १ मध्ये सादर करावयाची कागदपत्रे" अशी यादी असते आणि लोक तीच झेरॉक्स करून टिकमार्क करत बसतात. ती यादी घ्याच, पण आपल्या तक्त्याशी ताडून बघा. पात्रतेच्या कलमात मागितलेला एखादा कागद यादीत राहून गेलेला असतो, आणि तपासणारा अधिकारी कलमावर बोट ठेवतो. आपल्या निविदेत पाहणीचा दाखला असा यादीबाहेर राहिलेला आहे.

मग प्रत्येक कागदावर नेमकं काय लिहिलेलं असायला हवं ते बघा. काम पूर्णत्वाच्या दाखल्यावर कामाचं नाव, पूर्ण झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाची किंमत या तिन्ही गोष्टी हव्यात, सही अटीत लिहिलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्याची हवी. पुष्कळ दाखल्यांवर फक्त "काम समाधानकारक पूर्ण केले" असं असतं. अशा दाखल्यावरून सात वर्षांचा हिशेब मांडताच येत नाही. कार्यादेश जोडला की काम भागतं हाही गैरसमज आहे. काम मिळालं एवढंच त्यातून दिसतं, ते पुरं झाल्याचं दिसत नाही.

बयाण्यातून सूट हा प्रकार जपून वापरा. उद्यम नोंदणी आहे म्हणून बयाणा माफ असं समजून निविदा भरणारे दरवर्षी बाद होतात. लघुउद्योगांची ती सवलत मुळात माल आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाच्या कंत्राटात नोटिशीत स्पष्ट लिहिलं नसेल तर ती धरू नये, रक्कम भरून मोकळं व्हावं.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा परिशिष्टात दिलेला असतो तसाच्या तसा टाइप करायचा, त्यातला एकही शब्द सुधारायचा नाही. मुद्रांक किती रुपयांचा हेही तिथेच बघा. जुन्या संचातून उचललेल्या परिशिष्टांत "१०० रुपयांच्या मुद्रांकावर" असं अजून छापलेलं सापडतं, पण महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये हे शुल्क ५०० रुपये झालं. अशा ठिकाणी मी ५०० चाच घेतो. जास्तीच्या मुद्रांकामुळे कोणी बाद झाल्याचं पाहिलेलं नाही.

शुद्धिपत्रक

हा धडा मी फी भरून शिकलो. एका कामात सगळे कागद वेळेआधी चार दिवस तयार होते, प्रतिज्ञापत्र नोटरी झालेलं. दरम्यान निविदापूर्व बैठकीनंतर शुद्धिपत्रक निघालं आणि त्यात प्रतिज्ञापत्राचा नमुना बदलला. काळ्या यादीबद्दलचं एक वाक्य वाढवलं. आम्ही जुन्या नमुन्यातलंच चढवलं. तांत्रिक तपासणीत नाव गळलं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं.

तेव्हापासून तक्त्याच्या माथ्यावर एक ओळ असते: "शुद्धिपत्रक शेवटचं कधी पाहिलं". निविदेच्या पानावर खाली शुद्धिपत्रकं दिसतात. बैठकीनंतर ती रोज बघायची आणि चढवायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. नवं निघालं की फक्त बदललेली तारीख टिपून थांबू नका. मुदत वाढली, तर मागे मोजलेल्या तारखांचं काय होतं ते तपासा. जुनाट होण्याची मुदत सूचनेच्या तारखेशी बांधलेली असेल तर काही बदलत नाही, पण ती अंतिम तारखेशी बांधलेली असेल तर काल चालणारं पतप्रमाणपत्र आज जुनं ठरू शकतं. सात टक्क्यांची वाढही नव्या अंतिम तारखेपर्यंत मोजायची.

सरकारी योजनेचा शासन निर्णय वाचतानाही हाच तक्ता चालतो, फक्त बदल शोधायची जागा वेगळी. शासन निर्णयाच्या डोक्यावर "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते; खालची अट तिथल्या एखाद्या निर्णयातली अट बदलणारी किंवा तशीच चालू ठेवणारी असते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं उदाहरण ताजं आहे. २८ जून २०२४ च्या निर्णयात अर्जाची मुदत १५ जुलै होती, वयाची वरची मर्यादा ६० होती आणि कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त शेती नसावी अशी अट होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच मुदत ३१ ऑगस्ट झाली, वय ६५ झालं, शेतीची अट गेली. अधिवास दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांपैकी काहीही चालेल असं ठरलं, आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेला उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. त्या आठवड्यात तहसीलच्या दारात अधिवास दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी बायकांच्या हातात पहिल्या निर्णयाची झेरॉक्स होती.

चढवताना

तक्त्यातला प्रत्येक कागद हाती आला की ज्या क्रमाने कलमं आहेत त्याच क्रमाने पानांवर क्रमांक टाका आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका द्या: अट, कलम, आपल्या संचातलं पान. म्हणजे आपलाच तक्ता, उलट बाजूने. तपासणारा माणूस दिवसाला दहा संच बघतो. त्याला दाखला शोधावा लागू नये.

`BOQ` च्या फाइलचं नाव बदलू नका आणि ठरवून दिलेल्या रकान्यांबाहेर काही लिहू नका, नाहीतर पोर्टल ती घेत नाही. सगळं चढवून झाल्यावर `Freeze Bid` दाबायचं राहून जातं, आणि ते दाबल्याशिवाय निविदा सादर झालेली नसते. स्क्रीनवर सगळ्या फायली हिरव्या दिसत असल्या तरीही. ते दाबल्यावर निविदेचा क्रमांक आणि वेळ असलेली पोच येते. ती छापून तक्त्यालाच टाचणी लावून ठेवा. तांत्रिक लिफाफा १ जुलैला उघडला आणि कोणी विचारलं की पाहणीचा दाखला कुठे आहे, तर उत्तर पान २३, कलम ४.७ असं देता येतं.